पाव टक्का वाढला, तर हप्ता किती आणि व्याज किती

गृहकर्जाचा दर पाव टक्क्याने वाढतो, म्हणजे शंभर रुपयांच्या शिल्लक मुद्दलावर वर्षाला पंचवीस पैसे जास्त व्याज लागते. चाळीस लाखांच्या कर्जावर ही रक्कम वर्षाला १०,००० रुपये आणि महिन्याला ८३३ रुपये होते. एवढा हिशेब तोंडीही करता येतो आणि बहुतेक कर्जदार तिथेच थांबतात. खरा परिणाम मात्र आणखी दोन गोष्टींवर ठरतो. कर्जाचे किती मुद्दल अजून फिटायचे आहे, ही पहिली गोष्ट. वाढलेले व्याज हप्ता वाढवून भरले जाते की मुदत लांबवून, ही दुसरी. तोच पाव टक्का एका वाटेने गेला तर दीड लाखाला पडतो आणि दुसऱ्या वाटेने गेला तर सव्वाचार लाखांच्या पुढे जातो. कर्जदाराने काही न सांगितल्यास बँका बऱ्याचदा ही दुसरी वाट धरतात, कारण तिच्यात हप्ता बदलत नाही आणि तक्रारही येत नाही.

दर बदलतो कसा

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली तरत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी जोडलेली आहेत. बहुतेक बँकांनी हे मानक म्हणून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. कर्जदाराचा दर म्हणजे रेपो दर अधिक बँकेने लावलेली ठरावीक वाढ, जिला बँकेत ‘स्प्रेड’ म्हणतात. रेपो दर पाव टक्क्याने वाढला की स्प्रेड तसाच राहतो आणि कर्जाचा दर तेवढाच वर जातो. हा बदल निदान तीन महिन्यांतून एकदा खात्याला लागू करावा लागतो. ज्या तारखेला तो लागू होतो तिला ‘रीसेट’ची तारीख म्हणतात. त्यामुळे पतधोरणाची बातमी आज आली तरी खात्यावरचा दर दोन-अडीच महिन्यांनी बदलणे शक्य असते.

गृहवित्त कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बाह्य मानकाचे बंधन नाही. त्या स्वतःच्या प्रधान कर्जदराला कर्ज जोडतात आणि तो कधी, किती बदलायचा हे स्वतः ठरवतात. बँकांची २०१९ पूर्वीची काही कर्जेही अजून एमसीएलआर किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर चालू आहेत. तिथे रेपोची वाढ किंवा घट उशिराने आणि अर्धवट उतरते. आपले कर्ज कशाला जोडले आहे हे मंजुरीपत्रात लिहिलेले असते, आणि पुढचा सगळा हिशेब त्या एका ओळीवर अवलंबून असतो.

हप्त्याच्या पोटात काय घडते

उदाहरणासाठी चाळीस लाखांचे कर्ज घेऊ. मुदत २० वर्षे, म्हणजे २४० हप्ते, आणि दर साडेआठ टक्के. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज होते २८,३३३ रुपये आणि मुद्दलात जातात अवघे ६,३८० रुपये. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढ्याने कमी झालेले असते, म्हणून व्याज थोडे घटते आणि मुद्दलाचा वाटा थोडा वाढतो. असे करत शेवटच्या वर्षांत हप्ता जवळजवळ सगळा मुद्दलात जातो. पूर्ण मुदतीत एकूण व्याज भरले जाते सुमारे ४३ लाख ३१ हजार रुपये, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त.

आता पहिल्याच महिन्यापासून दर पावणेनऊ टक्के झाला असे धरू. मुदत २४० महिनेच ठेवली तर हप्ता ३५,३४८ रुपये होतो, म्हणजे ६३५ रुपयांनी वाढतो. वीस वर्षांचे एकूण व्याज ४४ लाख ८४ हजारांच्या आसपास जाते. फरक पडतो सुमारे १ लाख ५२ हजारांचा. पहिल्या महिन्याचे व्याज ८३३ रुपयांनी वाढते आणि हप्ता मात्र ६३५ रुपयांनीच, हे पहिल्यांदा पाहताना खटकते. त्याचे कारण असे की हप्त्याचे सूत्र मुद्दलाच्या फेडीचा थोडा भाग पुढच्या वर्षांवर ढकलते. नव्या हप्त्यातून पहिल्या महिन्यात मुद्दलात ६,३८० ऐवजी ६,१८१ रुपये जातात.

इतर रकमांसाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवता येतो. वीस वर्षांच्या कर्जात, साडेआठ टक्क्यांच्या आसपास, पाव टक्क्यामागे दर लाखाला महिना १६ रुपये वाढतात. पंचवीस लाखांचे कर्ज असेल तर सुमारे ४०० रुपये, साठ लाखांचे असेल तर साडेनऊशे. मुदत दहा वर्षांची असेल तर हा आकडा लाखाला १३-१४ रुपये असतो, पंधरा वर्षांना १५ च्या जवळ आणि तीस वर्षांना १८ च्या जवळ.

हप्ता तोच ठेवला तर

दर वाढला आणि हप्ता ३४,७१३ रुपयांवरच ठेवला, तर वाढलेले व्याज कुठून तरी वसूल व्हायलाच हवे. ते मुद्दलाच्या वाट्यातून जाते. पहिल्या महिन्याचे व्याज २९,१६७ रुपये होते आणि मुद्दलात जायला उरतात ५,५४६ रुपये. व्याज तीन टक्क्यांनीच वाढलेले असते, पण मुद्दलाची फेड तेरा टक्क्यांनी कमी झालेली असते. गृहकर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलाचा वाटा मुळातच लहान असल्याने थोडा धक्काही त्याला मोठा लागतो.

त्याचा परिणाम असा की २४० महिन्यांत फिटणारे कर्ज २५३ महिने चालते. शेवटचा हप्ता पंधरा हजारांच्या आसपासचा, अपुरा असतो, पण त्याआधीचे बारा जादा हप्ते पूर्ण असतात. एकूण व्याज ४७ लाख ६२ हजारांच्या पुढे जाते. मूळ हिशेबापेक्षा हे सुमारे ४ लाख ३१ हजार रुपये जास्त, म्हणजे हप्ता वाढवून जे दीड लाखात भागले असते त्याच्या जवळपास तिप्पट. ज्या महिन्यात कर्ज संपायला हवे होते, त्या २४० व्या महिन्याच्या अखेरीस खात्यावर ४ लाख ११ हजार रुपये मुद्दल अजून शिल्लक असते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दीड लाख आणि सव्वाचार लाख यांची थेट तुलना थोडी फसवी आहे. मुदत लांबवणाऱ्याच्या खिशात दरमहा ६३५ रुपये राहतात, आणि एकविसाव्या वर्षी भरलेल्या रुपयाची किंमत आजच्या रुपयाइतकी नसते. ते ६३५ रुपये दर महिन्याला पावणेनऊ टक्के करमुक्त परतावा देणाऱ्या ठिकाणी गुंतवले, तर वीस वर्षांनी बरोबर ४ लाख ११ हजार जमतात आणि उरलेले कर्ज फिटते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वाटा तेव्हाच सारख्या ठरतात. पण मुदत ठेवीवर एवढा दर, तोही कर जाऊन, सहसा मिळत नाही, आणि वाचलेले सहाशे रुपये दरमहा न चुकता बाजूला टाकणारी घरे थोडी. म्हणून व्यवहारात हप्ता वाढवणे स्वस्त पडते.

कर्ज किती जुने आहे

पाव टक्क्याचा भार शिल्लक मुद्दलावर पडतो, मूळ कर्जावर नव्हे. त्यामुळे वाढ कोणत्या वर्षी आली यावर बरेच अवलंबून असते. वरच्याच कर्जाचे पाच वर्षांचे हप्ते भरून झाले असतील तर शिल्लक असते सुमारे ३५ लाख २५ हजार. पाच वर्षांत वीस लाखांहून जास्त रक्कम भरूनही मुद्दल पावणेपाच लाखांनीच उतरलेले असते. या टप्प्यावर दर पाव टक्क्याने वाढला आणि उरलेली मुदत कायम ठेवली, तर हप्ता सुमारे ५१८ रुपयांनी वाढतो आणि एकूण जादा व्याज ९३ हजारांच्या घरात जाते. हप्ता तोच ठेवला तर कर्ज जवळजवळ सहा महिने लांबते आणि जादा भरणा १ लाख ९६ हजारांवर पोचतो.

दहा वर्षे झाली असतील, म्हणजे अर्धी मुदत सरली असेल, तरी जवळपास २८ लाख शिल्लक असतात. अर्धी मुदत म्हणजे अर्धे कर्ज, ही समजूत इथे गळून पडते. या वेळी हप्त्यातली वाढ ३७५ रुपयांची असते. पंधरा वर्षांनंतर शिल्लक १६ लाख ९२ हजार असते. तेव्हा पाव टक्क्याने हप्ता केवळ २०४ रुपयांनी वाढतो किंवा मुदत अर्ध्या महिन्याने लांबते. दोन्ही वाटांतला फरकही तीन हजारांवर येतो. शेवटच्या पाच वर्षांत असलेल्या कर्जदाराने पाव टक्क्याची फारशी फिकीर करण्याचे कारण नाही. पहिल्या पाच-सात वर्षांत असलेल्याने मात्र प्रत्येक पत्र उघडून वाचावे.

पाव टक्क्यामागून पाव टक्का

दरवाढ सहसा एकटी येत नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्क्यांवर होता. पुढे सहा वाढींत तो ८ फेब्रुवारी २०२३ रोजी साडेसहा टक्क्यांवर गेला. यातली शेवटची वाढ पाव टक्क्याची होती आणि त्याआधीच्या पाचही तिच्याहून मोठ्या. सगळ्या मिळून अडीच टक्के, म्हणजे दहा पाव टक्के झाले.

हप्ता वाढवत गेले तर प्रत्येक पाव टक्का जवळपास सारखाच पडतो. वरच्या उदाहरणात पहिल्या चार वाढींत दर वेळी ६३५ ते ६५० रुपये. मुदत लांबवत गेले तर मात्र प्रत्येक पाव टक्का आधीच्यापेक्षा जास्त महिने खातो. पहिल्या वाढीने साडेबारा महिने वाढतात, दुसऱ्या वाढीने पंधराच्या जवळ, तिसरीने अठरा, चौथीने तेवीस. एका टक्क्याच्या वाढीत वीस वर्षांचे कर्ज पंचवीस वर्षे आणि साडेआठ महिन्यांवर जाते. कारण तेच. मुद्दलाचा वाटा दर वेळी आणखी लहान होतो, आणि पुढचा पाव टक्का त्या लहान झालेल्या वाट्यातून तेवढीच रक्कम काढून घेतो.

ही वाट शेवटी कुठे नेते, ते २०२२ च्या सुरुवातीला स्वस्त दराने कर्ज घेतलेल्यांनी पाहिले. साडेसहा टक्क्यांनी चाळीस लाख घेतले तर वीस वर्षांसाठी हप्ता २९,८२३ रुपये बसतो. दर नऊ टक्के झाला की त्याच चाळीस लाखांवर महिन्याचे व्याज ३०,००० रुपये होते. हप्ता व्याजालाही पुरत नाही, आणि दर महिन्याला पैसे भरूनही कर्ज वाढत राहते. मधल्या महिन्यांत थोडे मुद्दल उतरलेले असल्याने प्रत्यक्षात बहुतेक खाती या रेषेच्या किंचित अलीकडे राहिली. पण ‘किंचित अलीकडे’ म्हणजे मुद्दलात महिन्याला दोनशे रुपये जाणे. शिल्लक साडेएकोणचाळीस लाख असेल तर त्या गतीने कर्ज फिटायला पंचावन्न वर्षांहून जास्त लागतात. अर्थात कोणतीही बँक एवढी मुदत देत नाही. कर्जदाराच्या निवृत्तीचे वय किंवा बँकेने ठरवलेली कमाल वयोमर्यादा आली की मुदत लांबवणे थांबते आणि हप्ता एकदम काही हजारांनी वाढतो. जी वाढ सहाशे-सहाशेने पचली असती, ती अशी एका दमात येते.

२०२३ च्या नियमाने दिलेला हक्क

या अनुभवानंतर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी हप्त्यांच्या तरत्या दराच्या कर्जांसाठी परिपत्रक काढले. ते बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. दरातल्या बदलाने हप्ता किंवा मुदत बदलत असेल तर कर्जदाराला तसे कळवले पाहिजे. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे निवडण्याची संधी त्याला दिली पाहिजे. कर्जाचा काही भाग किंवा सगळे कर्ज कधीही फेडण्याची मुभा असली पाहिजे. मुदत लांबवताना हप्ता महिन्याच्या व्याजापेक्षा कमी पडता कामा नये. शिवाय दर तिमाहीला एक विवरण द्यायचे, ज्यात आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर सोप्या भाषेत दिलेले असावेत.

कागदावर ही निवड कर्जदाराची आहे. व्यवहारात ती अनेकदा एका एसएमएसमध्ये येते, आणि ठरावीक दिवसांत उत्तर न दिल्यास मुदत वाढलेली असते. म्हणून रीसेटचा निरोप आला की शाखेत किंवा बँकेच्या नेटबँकिंगवरून लेखी अर्ज द्यावा आणि त्यात ‘मुदत कायम ठेवून हप्ता सुधारावा’ एवढेच स्पष्ट लिहावे. अर्जाची पोच आणि नवा परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा. हप्ता दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून नॅच पद्धतीने जात असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नॅचच्या संमतिपत्रात कमाल रक्कम लिहिलेली असते. नवा हप्ता तिच्या वर गेला तर तो परत जातो, दंड लागतो आणि पतगुणांकावर डागही येतो. अशा वेळी नवे संमतिपत्र आधी भरून द्यावे.

तिसरी वाट

हप्ता वाढवायचा नाही आणि मुदतही वाढवायची नाही, असे हवे असेल तर काही मुद्दल एकरकमी भरता येते. चाळीस लाखांच्या नव्या कर्जावर पाव टक्क्याची वाढ पूर्णपणे पुसून टाकायला सुमारे ७२ हजार रुपये लागतात. पाच वर्षे जुन्या कर्जाला ५२ हजार पुरतात. एवढी रक्कम मुद्दलात भरली की हप्ता आणि संपण्याची तारीख दोन्ही पूर्वीचीच राहतात. वर्षाच्या बोनसमधून हे जमण्यासारखे असते. व्यक्तींच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना घेता येत नाही, त्यामुळे भरलेला पैसा पूर्ण मुद्दलात जातो. भरताना मात्र तो ‘आगाऊ हप्ता’ म्हणून नव्हे, तर ‘मुद्दलाची अंशतः परतफेड’ म्हणून जमा झाला आहे याची खात्री करावी. पैसे जमा झाल्यावर बँकेने हप्ता कमी करून वाढलेली मुदत तशीच ठेवली तर सगळा बेत फसतो, म्हणून तेही अर्जात लिहावे.

एका स्थितीत मात्र हप्ता वाढवण्याची किंवा मुद्दल भरण्याची घाई करू नये. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर हातचा पैसा आधी तिकडे जावा. त्यांचा दर गृहकर्जाच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, आणि पावणेनऊ टक्क्यांचे कर्ज लवकर फेडण्यासाठी महागडे कर्ज चालू ठेवणे हा तोट्याचा सौदा आहे. काही महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक गाठीला नसेल, तरीही तसेच.

प्राप्तिकराच्या सवलतीने वाढलेले व्याज थोडे सुसह्य होते, हा समज बहुतेकांच्या बाबतीत खरा नसतो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावटच नाही. जुन्या प्रणालीत ती वर्षाला दोन लाखांपर्यंत आहे, आणि चाळीस लाखांच्या कर्जाचे पहिल्या वर्षाचे व्याज साडेआठ टक्क्यांनीच ३ लाख ३७ हजार होते. एकट्याच्या नावावरचे कर्ज असेल तर मर्यादा आधीच ओलांडलेली असते आणि पाव टक्क्याचे जादा व्याज सगळे खिशातून जाते. नवरा-बायको दोघेही सहमालक आणि सहकर्जदार असतील तर दोघांना वेगवेगळी वजावट मिळते. तिथेच त्या जादा व्याजाला थोडी सवलत लागू शकते.

दर वाढला म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावे का, हाही प्रश्न येतो. दोन बँकांत पाव टक्क्याचाच फरक असेल तर कर्ज नवे आणि मोठे असल्याशिवाय हा खटाटोप परवडत नाही. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा व मूल्यांकनाचा खर्च आणि गहाणाच्या नोंदीवरचे मुद्रांक शुल्क यांत पहिल्या दोन-तीन वर्षांची बचत निघून जाते. त्याआधी आपल्याच बँकेला विचारावे. नव्या ग्राहकांना ती कमी स्प्रेड देत असेल, तर लहानसे रूपांतर शुल्क घेऊन जुन्या ग्राहकालाही तो देते. मात्र मागितल्याशिवाय सहसा देत नाही.

दर उतरल्यावर काय होते

वाढलेला दर पुढे उतरतोच, मग आताच काळजी कशाला, असाही एक युक्तिवाद असतो. फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर खरोखरच उतरू लागला आणि जूनपर्यंत साडेपाच टक्क्यांवर आला. पण मुदतीत घेतलेली वाढ दर उतरल्यावर आपोआप पुसली जात नाही. वरच्या उदाहरणात पाव टक्क्याची वाढ दोनच वर्षे टिकली आणि दर पुन्हा साडेआठ टक्के झाला, हप्ता मात्र सारा काळ ३४,७१३ रुपयेच राहिला असे धरू. दोन वर्षांच्या शेवटी मुद्दल मूळ तक्त्यापेक्षा २१ हजार रुपयांनी जास्त असते. दर पूर्ववत झाला तरी त्या २१ हजारांवर पुढची अठरा वर्षे व्याज चढते आणि कर्ज जवळजवळ तीन महिने उशिरा संपते. हप्त्यांच्या रूपात हे सुमारे एक लाख रुपये होतात.

याच्या उलट, दर वाढताना हप्ता वाढवलेल्या कर्जदाराला दर उतरताना एक संधी मिळते. दर खाली आल्यावर हप्ता कमी करून घेण्याऐवजी तोच चालू ठेवला, तर मुदत ठरल्यापेक्षा आधी संपते. पाव टक्क्याची वाढ जशी मुदत वाढवते, तशी पाव टक्क्याची घट ती कमीही करते. मात्र दर उतरताना बँकेने हप्ता घटवला की मुदत, हे विवरणात तपासावे लागते. दोन्ही प्रकार आढळतात.

स्वतः पडताळून पाहणे

बँकेने लावलेली वाढ बरोबर आहे का, हे पाहायला फार गणित लागत नाही. महिन्याच्या सुरुवातीचे शिल्लक मुद्दल घ्यावे, त्याला वार्षिक दराने गुणावे आणि बाराने भागावे. आलेला आकडा त्या महिन्याच्या व्याजाच्या जवळ असला पाहिजे. व्याज दिवसांवर मोजणाऱ्या बँकेत तो थोडा हलतो. चाळीस लाखांवर पावणेनऊ टक्क्यांनी ३१ दिवसांच्या महिन्यात २९,७२६ रुपये येतात आणि ३० दिवसांच्या महिन्यात २८,७६७. हा फरक म्हणजे चूक नव्हे. मात्र सलग तीन महिने आकडा चारशे-पाचशेने वरच राहत असेल, तर दर ठरल्यापेक्षा जास्त लागला आहे का ते विचारावे.

नवा हप्ता आणि नवी मुदत काढायला एक्सेल किंवा कोणतीही स्प्रेडशीट पुरते. पहिले सूत्र मुदत कायम ठेवल्यास येणारा हप्ता देते, दुसरे हप्ता कायम ठेवल्यास लागणारे महिने.

```
=PMT(8.75%/12, 240, -4000000)
=NPER(8.75%/12, -34713, 4000000)
```

दर, उरलेले महिने, शिल्लक मुद्दल आणि हप्ता या चार जागी आपल्या विवरणातले आकडे घालावेत. मूळ कर्जाची रक्कम घालण्याची चूक इथे नेहमी होते. घालायची असते ती रीसेटच्या दिवशीची शिल्लक. दुसऱ्या सूत्राचे उत्तर जर चुकीचा संदेश म्हणून आले, तर सूत्र बिघडलेले नसते. तो हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही आणि ते कर्ज कधीच फिटणार नाही, असा त्याचा अर्थ असतो. तसे दिसले तर पुढच्या हप्त्याची वाट न पाहता त्याच दिवशी बँकेकडे हप्ता वाढवण्याचा अर्ज द्यावा.